आडवं सरकणारं पान

पट्टीकाकांचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे, आणि बसलाच तर फार दिवस टिकत नसे. दुधाची पिशवी घरात आली की ते ती आधी उजेडाकडे धरून बघत. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या की चिठ्ठीवरचं नाव आणि पाकिटावरचं नाव अक्षराला अक्षर लावून ताडत. लिफ्टच्या बटणाचा दिवा लागलेला दिसला तरी स्वतःच्या बोटानं ते एकदा दाबल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. काकू म्हणायच्या, "तीस वर्षं संसार केला, पण हा माणूस अजून चहा ढवळून बघतो, मी साखर घातली की नाही म्हणून." यात अतिशयोक्ती नव्हती. ते खरोखरच ढवळून बघत.

पट्टीकाका हे नाव छापखान्यातलं. तिथं बावीस वर्षं त्यांनी पानं जुळवली. औषधांची लेबलं, शाळांचे फॉर्म, कंपन्यांची पत्रकं, असं सगळं. खिशात कायम पोलादी फूटपट्टी. छापून आलेला प्रत्येक नमुना ते चारही बाजूंनी मोजत आणि अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की मशीनवाल्याकडे असं बघत, की त्या बिचाऱ्याला आपण चोरी केली असं वाटावं. छापखाना बंद पडला तेव्हा काका बेचाळीस वर्षांचे होते. तिथं कामं घेऊन येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं वेबसाइटी बनवायचं छोटं ऑफिस काढलं होतं. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, एक खिडकी, चार टेबलं. त्यानं काकांना बोलावून घेतलं. तेव्हापासून ते गिऱ्हाईक काकांचे मालक झाले.

काका नवीन काम जिद्दीनं शिकले. पुस्तकं आणली, चुकले, पुन्हा चुकले, शेवटी जमवलं. फक्त एका गोष्टीवरचा त्यांचा राग बारा वर्षांत गेला नाही. कागदाची रुंदी आपल्या हातात असते. फोनची नसते. याचा फोन अरुंद, त्याचा रुंद, तिसऱ्याचा आडवा धरलेला. "कागद सांगितला तेवढाच येतो," काका म्हणत, "आणि हे लबाड प्रत्येकाच्या खिशात वेगळंच." फोनवर त्यांचा संशय होता, आणि फोन वापरणाऱ्यांवर त्याहून थोडा जास्त.

त्यांच्या संशयाच्या यादीत अलीकडे एका नावाची भर पडली होती. तीन महिन्यांपूर्वी मालकांनी एक बाई कामावर घेतल्या. त्यांना सगळे 'नवीन बाई' म्हणत. दोन मुलं वाढवताना दहा वर्षं घरी होत्या, आता पुन्हा कामाला लागलेल्या. दहा ठिकाणी त्यांना मधली वर्षं कुठं गेली असं विचारून परत पाठवलं होतं. मालकांनी तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. मुदत या शुक्रवारी संपत होती, आणि ठेवायचं की नाही हे मालक काकांच्या मतावर ठरवणार होते. बाईंना ते माहीत होतं. त्या कामाला लवकर येत, कमी बोलत, आणि काका टेबलाजवळून गेले की पाठ जरा ताठ करत. काकांना वाटे, ताठ पाठीमागे काहीतरी लपवलेलं असतं.

सोमवारी सकाळी डायलिसिस केंद्राच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंचा फोन आला. या केंद्राची साइट काकांनी चार वर्षांपूर्वी बनवली होती. पेशंट किंवा त्यांच्या घरचे फोनवरून पुढच्या आठवड्याची पाळी निवडत. प्रत्येक ओळीत डावीकडे दिवस, वेळ आणि त्या विभागाचा ई-मेल पत्ता, उजवीकडे हिरवं बटण: 'पक्की करा'.

"पान हलतंय," खिडकीवाल्या बाई म्हणाल्या.

"हलतंय म्हणजे?"

"म्हणजे बोटानं वर सरकवायला जावं तर आडवं पळतं. उजव्या बाजूला पांढरी रिकामी जागा दिसते. खाली एक आडवी पट्टी येते बारीक."

"सगळ्यांच्या फोनवर?"

"नाही हो, काहींच्या."

'काहींच्या' हा शब्द ऐकला आणि काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. छापखान्यातही असंच असे. खरी चूक सगळ्या प्रतींवर सारखी उमटते. काहीच प्रतींवर असेल तर समजावं की कुणीतरी मध्येच हात घातलाय.

ऑफिसातल्या सगळ्या फोनांवर त्यांनी पान उघडलं. गुण्यागोविंदानं उभं. कॉम्प्युटरवर खिडकी अरुंद करून पाहिली, अगदी बोटभर केली, तरी काही नाही. प्रत्येक चौकटीभोवती लाल रेघ येईल असा हुकूम तात्पुरता लिहिला. कुठली चौकट पानाबाहेर डोकावत असेल तर रेघ लगेच सांगते. सगळ्या रेघा आपापल्या जागी होत्या. मग काकांनी जुन्या बदलांची नोंद उघडली. कुणी, कधी, कुठली ओळ घातली किंवा काढली हे त्यात तारखेनिशी असतं. काकांचा जगात कशावर थोडाफार विश्वास असेल तर तो या नोंदीवर.

अकरा दिवसांपूर्वीचा बदल होता. नवीन बाईंनी एक ओळ काढून टाकली होती. सगळ्या पानाला वेढणारी जी मोठी चौकट असते, तिला त्या ओळीनं सांगितलेलं होतं की उजव्या-डाव्या बाजूला जे काही बाहेर जाईल ते झाकून टाक, आणि तिकडे सरकू देऊ नकोस.

सापडलं, असं काकांना वाटलं. ते बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"ही ओळ तुम्ही काढलीत?"

"हो काका. केंद्रानं सांगितलं होतं, तारखांची ओळ वर चिकटून राहायला हवी, बाकीचं पान सरकलं तरी. ती चिकटत नव्हती, कारण बाहेरच्या चौकटीला हे झाकण लावलं की चिकटणाऱ्या गोष्टी तिच्याच हिशेबानं चालतात, स्क्रीनच्या नाही. झाकण काढलं, चिकटली. मी नोंदीत लिहिलंय तसं."

"आणि पान हलायला लागलं."

"हलतंय म्हणजे काहीतरी स्क्रीनपेक्षा रुंद आहे. ते आधीपासूनच असणार. झाकण होतं म्हणून दिसत नव्हतं."

"मग दाखवा, काय रुंद आहे."

 सकाळपासून बाईही तेच शोधत होत्या, आणि त्यांच्याही फोनवर पान शहाण्यासारखं वागत होतं. "अजून सापडलं नाही," त्या म्हणाल्या. "मला एकदोन दिवस द्या. ओळ परत घातली तर हलणं थांबेल, पण जे बाहेर जातंय ते तसंच राहील."

काकांना हे बोलणं फार गुळगुळीत वाटलं. ज्याला दाखवता येत नाही तो नेहमी दोन दिवस मागतो. शिवाय ती ओळ चार वर्षांपूर्वी कुणी घातली, हे बाईंनी विचारलं नाही. नोंदीत काकांचं नाव होतं, बाईंनी ते वाचलं असणारच. न विचारण्यातही काकांना डाव दिसला. आता चार वर्षं उभं असलेलं पान अकरा दिवसांत पळायला लागलं, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल, असं काका मनाशी म्हणाले. माणसाला जे हवं असतं ते कळायला फार वेळ लागत नाही, हे आपण म्हणू. काका तेव्हा म्हणाले नाहीत.

मंगळवारी बाई दोनदा फोनवर बोलायला बाहेर जिन्यात गेल्या. बुधवारी काका मागून आले तशी त्यांनी स्क्रीनवरची एक खिडकी झटकन बंद केली. (मुलाच्या शाळेचं वेळापत्रक होतं. पण काकांना ते कुणी सांगायचं?) बुधवारी दिवस संपताना काकांनी मालकांना चार ओळी लिहून पाठवल्या. बाई मेहनती आहेत. पण चालतं काम मोडतात, आणि मग आधीपासूनच मोडलेलं होतं असं सांगतात. असा माणूस भरवशाचा नाही. ठेवू नये.

मालकांचं उत्तर लगेच आलं. "ठीक. शुक्रवारी सांगतो त्यांना."

लिहिलं खरं, पण त्या रात्री काकांना धड झोप लागली नाही. बाईंची दया आली म्हणून नव्हे. आपल्याकडे पुरावा नाही, ही गोष्ट त्यांना टोचत होती. काका कुणावरही संशय घेत, पण नमुना मोजल्याशिवाय शेरा कधी मारत नसत, आणि इथं तर शेरा आधी मारून बसले होते. सकाळी त्यांनी लॅपटॉप आणि वायर पिशवीत टाकली. ऑफिसात न जाता ते थेट केंद्रावर निघाले. कुणाचा फोन हलतो तो आता आपल्या डोळ्यांनी बघू, असा विचार होता. खिडकीवाल्या बाईंवरही त्यांचा थोडा संशय होताच.

केंद्राच्या बाहेरच्या खोलीत जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, एका कोपऱ्यात पेशंटांचं वजन करायचा काटा, आणि जंतुनाशकाचा वास नाकाला चिकटेल इतका दाट. आतल्या दाराच्या काचेतून यंत्रांची ओळ दिसत होती. खिडकीसमोर सहा-सात माणसं रांगेत उभी होती, बहुतेक साठीच्या पुढची. काका एका खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले आणि कडेनं रांग न्याहाळू लागले. एवढी माणसं रांगेत कशाला? पाळ्या तर फोनवर लागतात. आणि मग रांगेतली चौथी बाई त्यांना पाठमोरी ओळखू आली.

ती त्यांची ताई होती. काकांहून नऊ वर्षांनी मोठी.

"तू इथं काय करतेस?" काका उठून तिच्यापाशी गेले.

"तुझ्या दाजींच्या पाळीचं विचारायला आले. तू काय करतोस?"

दाजींना चार वर्षांपासून डायलिसिस लागत होतं. हे काम काकांच्या ऑफिसला मिळालं तेही ताईच्याच ओळखीनं. साइट झाल्यावर पहिला फोन काकांनी तिला केला होता: आता तुला यायची गरज नाही, घरबसल्या पाळी लाव.

"घरून का नाही लावत?"

ताईनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बटण नव्हतं ना रे. तुला सांगितलं होतं मी तेव्हाच."

सांगितलं होतं, खरं. काकांना आठवलं. साइट सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ताईचा फोन आला होता, वेळा दिसतात पण बटण कुठंच नाही म्हणून. काका म्हणाले होते, नीट बघ, चष्मा लावून बघ. तिनं पुन्हा सांगितलं, नाहीच आहे. मग काकांनी घरी काकूंना सांगितलं होतं की ताईला बटणाचं निमित्त हवंय, तिला आपलं काम दुसऱ्यानं केलेलं आवडतं. पुढं ताईनं विषय काढला नाही. ती पाळी घरून लावतेय असं काका धरून चालले होते. ती मात्र चार वर्षं दर गुरुवारी दोन बस बदलून इथं येत होती.

"मग आजही लावायलाच आलीस?"

"नाही, आज वेगळं आहे," ताई म्हणाली. "मागच्या आठवड्यात सहज उघडून पाहिलं. पान बोटाखालून आडवं सरकलं, आणि पलीकडे बघते तर हिरवं बटण. दाबलं. पाळी लागली असं आलं खरं, पण माझा विश्वास बसेना. चार वर्षं नव्हतं ते एकदम कुठून आलं? म्हणून म्हटलं, खिडकीवर जाऊन विचारावं, खरंच लागलीय का. तशी पुढचीही विचारून घेईन."

संशय काही काकांनी एकट्यानं शोधून काढलेला नव्हता. तो त्यांच्या घराण्यातच होता.

"तुझा फोन दे बघू," काका म्हणाले.

ताईनं पर्समधून फोन काढला. पान उघडं होतं, आणि अक्षरं शेंगदाण्याएवढी. ताईला बारीक दिसत नव्हतं, म्हणून भाचीनं फोनमध्ये अक्षरं मोठी करून दिली होती. काकांनी पानावर बोट ठेवलं. पान आडवं सरकलं. उजवीकडे पांढरी जागा आली आणि तिच्यात एकेका ओळीचं हिरवं बटण उभं राहिलं.

खिडकीवाल्या बाईंमार्फत काकांनी रांगेतल्या आणखी दोघांचे फोन पाहायला मागितले. दोघांचीही अक्षरं मोठी. दोन्ही पानं आडवी पळत होती. त्या रांगेत मोठी अक्षरं लावणारीच माणसं उभी होती. ऑफिसात कुणाचीच अक्षरं मोठी नव्हती, त्यांच्याकडे पान शहाणं होतं ते त्यामुळेच.

काकांनी खुर्चीत बसून ताईचा फोन वायरनं लॅपटॉपला जोडला. फोनवरचं पान लॅपटॉपवर उघडून आतून तपासता येतं, ती परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये दिली. मग त्यांनी एक छोटा हुकूम लिहिला: पानातली प्रत्येक चौकट घे, तिची उजवी कड स्क्रीनच्या रुंदीपलीकडे जात असेल तर तिचं नाव सांग. पट्टीनं मोजण्याचंच काम, फक्त पट्टी वेगळी. उत्तर लगेच आलं. सगळ्या पाळ्यांची बटणं बाहेर. त्यांना बाहेर ढकलत होता डावीकडचा भाग, आणि त्या भागात सगळ्यात लांब होता विभागाचा ई-मेल पत्ता. एकसलग, मध्ये कुठं जागा नाही. शेजारी शेजारी मांडलेल्या चौकटी आपल्यातल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा अरुंद व्हायला आपणहून तयार होत नाहीत. नेहमीच्या अक्षरात तो पत्ता जेमतेम मावत होता. अक्षर मोठं झालं की मावत नव्हता, आणि बटणाला धक्का मारून स्क्रीनबाहेर काढत होता.

बाई बरोबर होत्या. काहीतरी रुंद होतं, आणि आधीपासूनच होतं.

आता काकांनी एक गोष्ट केली, ती करायला हात जड झाला होता. नवीन बाईंनी काढलेली ओळ त्यांनी लॅपटॉपवरून, फक्त ताईच्या फोनपुरती, परत घातली. पान लगेच शहाणं झालं. बोटानं कितीही ओढलं तरी आडवं हलेना. उजवीकडची पांढरी जागा गेली, खालची पट्टी गेली. आणि बटणंही गेली. दिवस, वेळ, पत्ता, आणि त्यापुढं सुबक, स्वच्छ, सरळ कड. छापून भिंतीला लावावं इतकं नीटनेटकं पान, आणि त्यावर पाळी पक्की करायची सोय नाही.

ताई वाकून बघत होती. "हां, हेच," ती म्हणाली. "असंच दिसायचं."

काकांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ही ओळ त्यांनी का घातली होती हेही आता लख्ख आठवलं. साइट द्यायच्या आदल्या दिवशी मालकांच्या वडिलांच्या फोनवर पान थोडं हललं होतं. शोधायला वेळ नव्हता. त्यांनी झाकण लावलं, नोंदीत 'तात्पुरतं' असं लिहिलं, आणि पान थांबलं म्हणजे चूक गेली असं धरलं. नमुना मोजलाच नाही. सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस त्या दिवशी स्वतःवर घ्यायला विसरला.

"ताई, तू तेव्हा खरं सांगत होतीस," काका म्हणाले. "मी तुला खोटं ठरवलं."

"ते माहीत आहे मला," ताई म्हणाली. "पण आता सापडलं ना? तूच काढलंस का शोधून?"

"नाही. आमच्याकडे नवीन बाई आहेत. त्यांनी."

"चांगली आहे हो बाई. ठेवून घ्या तिला," ताई म्हणाली, आणि रांगेतल्या आपल्या जागी परत गेली.

काकांनी मालकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा बंद लागला.  मालकांना अप्रिय गोष्टी एक दिवस आधीच उरकून टाकायची सवय होती. बसमध्ये बसल्या बसल्या काकांनी आपल्या फोनची अक्षरं मोठी केली आणि पान उघडलं. ते सरकलं. उरलेला रस्ता ते पान बोटानं डावी-उजवीकडे ओढत राहिले.

ऑफिसचा जिना चढून आले तेव्हा बाई मालकांच्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पर्स होती.

"बरं झालं आलात," मालक म्हणाले. "मी यांना सांगतच होतो."

"सांगू नका. मी लिहिलेलं चुकीचं आहे," काका म्हणाले. अजून धाप लागलेली होती. "चूक माझी आहे. चार वर्षांपूर्वीची."

मालकांनी डोळे बारीक केले. "पट्टीकाका, काल तुम्ही लिहिलंत, ठेवू नका. आज धावत येऊन म्हणता, चूक माझी. यांनी तुम्हाला गाठून काही सांगितलं का? रडल्या-बिडल्या का?"

"मी कालपासून यांच्याशी बोललेच नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरलेला होता.

काकांनी आपला फोन टेबलावर ठेवला. "बोटानं ओढा."

मालकांनी ओढलं. पान सरकलं, बटण दिसलं.

"आता तुमच्या फोनवर तेच पान उघडा. नाही हलणार. आता अक्षरं मोठी करा."

मालकांनी केली. पान हललं. मग काकांनी लॅपटॉपवर ती ओळ परत घालून दाखवली. पान स्थिर, बटण गुल. काकांनी केंद्रातली रांग सांगितली, ताईचं सांगितलं, दोन बसचं सांगितलं. आपल्या वडिलांच्या फोनवर पान हललेलं मालकांनाही आठवत होतं. 

"म्हणजे ही ओळ काढली नसती..."

"तर अजून कुणाला कळलं नसतं," काका म्हणाले. "यांना ठेवा. आणि काल लिहिलेलं माझं मत फाडून टाका."

"मेलवर लिहिलंय, फाडू कसं?" मालक म्हणाले, आणि बाईंकडे वळले. "बसा तुम्ही. उद्या कागद तयार करतो. पक्के."

बाई बसल्या. आभार मानले नाहीत. पर्स खाली ठेवली आणि कॉम्प्युटर चालू केला. दुरुस्ती त्यांनीच लिहिली, काकांनी एक अक्षर सुचवलं नाही. दोनच ओळी होत्या. डावीकडच्या भागाला अरुंद व्हायची मुभा, आणि लांब पत्त्याला गरज पडली तर कुठंही मोडून खाली उतरायची परवानगी. काकांच्या फोनवर शेंगदाण्याएवढ्या अक्षरांतही पत्ता दोन ओळींत गेला, बटण त्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं, आणि तारखांची ओळ वर चिकटून राहिली. काकांनी पान दहा वेळा ओढून पाहिलं. दहाही वेळा ते जागचं हललं नाही. मग केंद्रावर फोन करून त्यांनी रांगेतल्या दोघांच्या फोनांवर पाहायला सांगितलं, आणि घरी ताईलाही.

"माझ्याबद्दल काल काय लिहिलं होतंत?" फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं.

काकांनी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, भरवशाचा नाही यासकट.

"वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "तीन महिने तुम्ही माझ्या मागं उभे होता. मला सोमवारीच विचारायचं होतं, ही ओळ घातली कुणी आणि कशासाठी. नाही विचारलं. विचारलं असतं तर मी सूड घेतेय असं वाटलं असतं तुम्हाला."

"वाटलं असतं," काका म्हणाले. "न विचारल्यावरही वाटलंच."

बाई किंचित हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "एक विचारू? तात्पुरती म्हणून घातलेली ही ओळ फक्त याच साइटला आहे?"

 बाईंनी ऑफिसच्या सगळ्या साइटींमध्ये एकदम शोध लावला. यादी खाली खाली येत गेली. एकोणीस ठिकाणं. दवाखाना, पाणीपुरवठ्याचं ऑफिस, दोन शाळा, चष्म्याचं दुकान, ज्येष्ठ नागरिकांचा संघ. प्रत्येक ठिकाणी नोंदीत काकांचं नाव, आणि पुढं एकच शब्द: तात्पुरतं.

"यातल्या कुणी कधी काही म्हणालं?" बाईंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "एकाचीही तक्रार नाही."

आजवर हे वाक्य ते मालकांना अभिमानानं सांगत. आता यादीकडे बघताना त्यांना त्या वाक्याचा पहिल्यांदाच संशय आला. त्यांनी खुर्ची ओढली, बाईंच्या शेजारी बसले, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या संघाचं पान मोठ्या अक्षरात उघडलं.